मगदूम डॉक्टरांचे उत्तर

डॉ. भूपाल मगदूम रस्त्यात कुणाला ओळख देत नसत. त्यावरून सांगलीत दोन मते होती. एक, माणूस शिष्ट आहे. दुसरे, वेड्यांचा डॉक्टर म्हटल्यावर थोडाफार तसा असायचाच. खरे कारण मला बऱ्याच उशिरा आणि त्यांच्या पत्नीकडून कळले. मनोविकाराच्या डॉक्टरने भर बाजारात एखाद्याला ‘काय, कसे आहात?’ असे विचारले, की तो माणूस त्यांच्याकडे जातो हे भाजीवालीलाही समजते. म्हणून त्यांनी नियम केला होता की समोरच्याने आधी नमस्कार केला तरच आपण करायचा. पेशंटला एक आणि इतरांना दुसरा असा नियम ठेवला असता, तर त्या फरकावरूनच लोकांनी पेशंट ओळखले असते. त्यामुळे नियम सर्वांना सारखा. त्यात त्यांचे सख्खे मेहुणेही आले. मेहुण्यांनी पुढे त्यांच्याशी बोलणे सोडले.

सत्तरच्या दशकात आमच्या भागात मनोविकारतज्ज्ञ हा दुर्मीळ प्राणी होता. मगदूम सांगलीत एका धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयात होते आणि एकाआड एक गुरुवारी ट्रस्टच्या साताऱ्याच्या दवाखान्यात जात. सकाळच्या एस.टी.ने निघायचे, दुपारी पेशंट बघायचे, संध्याकाळच्या गाडीने परतायचे. माणूस सडपातळ, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला शाईचे पेन. पेशंट बोलायला लागला की ते मान खाली घालून लिहीत. मधूनच ‘मग?’ एवढेच म्हणत. त्यांच्याकडे वर्षानुवर्षे जाणाऱ्या पेशंटांना त्यांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांचा भांग अधिक ओळखीचा होता.

दुसरी एक गोष्ट सर्वांना ठाऊक होती. ते जैन होते आणि सूर्यास्तानंतर जेवत नसत. कृष्णाकाठच्या त्यांच्या घरात ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. रीत पाळताना ते कुणावर उपकार केल्यासारखे करत नसत. साताऱ्याला घरचा डबा बरोबर असे. शेवटचा पेशंट गेला की मागच्या खोलीत बसून उजेड आहे तोवर जेवायचे आणि मग स्टँड गाठायचा. उन्हाळ्यात यात काही अडचण नव्हती. हिवाळ्यात दिवस लहान होई, पेशंट मात्र तेवढेच राहत.

दवाखान्यात म्हादू नावाचा शिपाई होता. डबा वेळेत उघडावा ही जबाबदारी त्याने आपण होऊन घेतली होती. उन्हे कलली की तो पेशंट जोडीने आत सोडायचा. एक डॉक्टरांच्या टेबलापाशी, दुसरा त्याच्या शेजारच्याच खुर्चीत. एकाचे झाले की दुसऱ्याचे लगेच सुरू. हाका मारण्यात जाणारा वेळ वाचे. डॉक्टरांच्या ते लक्षात आले नाही, कारण ते लिहीत असत. शिवाय आपल्याकडे मनोविकाराचा पेशंट कधी एकटा येत नाही. बरोबर भाऊ असतो, चुलता असतो, सासरा असतो आणि बोलतो तोच. त्यामुळे टेबलापाशी दोन माणसे बसलेली असणे हेच नेहमीचे दृश्य होते.

त्या वेळी मी सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दुष्काळ सरून पहिले बरे पीक निघाले त्या हिवाळ्यात आमच्याकडे एका तक्रारअर्जाची प्रत आली. मूळ अर्ज ट्रस्टच्या रुग्णालयाच्या अधीक्षकांना होता. अर्जदार माण तालुक्यातले निवृत्त हवालदार. त्यांना मी काटकर म्हणतो, ते त्यांचे खरे नाव नाही. फौजेत अर्ज लिहिण्याची सवय झालेली असावी, कारण परिच्छेदांना क्रमांक होते आणि अक्षर रेखीव होते. मजकुराचा सारांश असा.

काटकर एका सहकारी साखर कारखान्यात रखवालीला होते. रोकड नेताना बंदूक घेऊन बरोबर जायचे, हे त्यांचे काम. दिवाळीनंतर ते गप्प राहू लागले. एकदा गाडी निघायची वेळ झाली तरी ते जागचे हलेनात. कारखान्याच्या डॉक्टरांनी त्यांना चिठ्ठी देऊन साताऱ्याला पाठवले. माणूस कामावर ठेवण्यास योग्य आहे का, एवढाच प्रश्न चिठ्ठीत होता. ते सकाळपासून बाकावर बसले. संध्याकाळी आत गेले. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे तपासणी चार मिनिटे चालली. परिच्छेद पाच: ‘सदर वेळेत डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिले नाही.’ परिच्छेद सहा: ‘मला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी इसमाने दिली व साहेबांनी ती लिहून घेतली.’ त्यानंतर गोळ्या मिळाल्या आणि कारखान्यासाठी बंद पाकीट. पाकिटात लिहिले होते की हा माणूस तूर्त कोणत्याही कामास योग्य नाही. गोळ्या घेतल्यावर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन ते गोठ्यात पडले. गोळ्या त्यांनी बंद केल्या. कारखान्याने त्यांच्या जागी महिनाअखेर दुसरा माणूस घ्यायचे ठरवले होते. त्याआधी आपली तपासणी नीट व्हावी, एवढी मागणी होती.

संपादकांनी अर्ज माझ्याकडे दिला. दुसरी बाजू घेतल्याशिवाय काही छापायचे नाही हा आमच्याकडचा शिरस्ता. मी मगदूमांच्या घरी गेलो.

“काटकर नावाचे कुणी तुमच्याकडे आले होते का?”

“ते मला सांगता येणार नाही.”

“आले होते असे त्यांनीच लिहिले आहे.”

“मग त्यांनी सांगितलेच आहे की.”

“तुमची बाजू काय?”

“कशाची?” डॉक्टरांनी विचारले आणि पत्नीला चहा टाकायला सांगितले.

चहा चांगला होता. बातमी झाली नाही.

रुग्णालयात काय चालले होते ते मला पुढे हेडक्लार्ककडून कळले. त्याला सांगण्यात संकोच नव्हता, कारण उत्तराचा पहिला मसुदा त्याचा होता आणि तो त्याला आवडला होता. अशा अर्जाची रीत ठरलेली असे. अर्ज आवकेला नोंदायचा, पोच पाठवायची, संबंधित डॉक्टरकडून खुलासा घ्यायचा, केसपेपर मागवायचा आणि अधीक्षकांच्या सहीने उत्तर द्यायचे. केसपेपर आला. त्यावर मगदूमांच्या अक्षरात स्वच्छ नोंद होती: भाऊ सांगतो, रात्र रात्र झोपत नाही, उठून फिरतो, एकटाच बडबडतो, भांडणे करतो, पैसे उधळतो. अशा माणसाला शांत करण्यासाठी ज्या गोळ्या त्या काळी देत, त्या दिलेल्या होत्या. डोस बरोबर होता.

अधीक्षकांना प्रकरण सोपे वाटले. पेपरवर भाऊ आहे आणि अर्जदार म्हणतो भाऊ नव्हता, कोणी अनोळखी इसम होता. हा आजाराचाच भाग, त्यात चौकशी कसली? हेडक्लार्कने त्याप्रमाणे लिहिले: ‘आपल्या तक्रारीत तथ्य आढळून येत नाही. सदर दिवशी रुग्णांची गर्दी असूनही आपणांस तपासण्यात आले. आपल्या बंधूंनी दिलेली माहिती केसपेपरवर आहे. आपल्या आजाराचे स्वरूप पाहता आपला असा समज होणे स्वाभाविक आहे.’ खाली प्रतींची यादी: ट्रस्टचे अध्यक्ष, साखर कारखाना, संपादक दैनिक अमुक.

हे पत्र गेले असते, तर काटकरांची नोकरी त्याच टपालात गेली असती. शिवाय त्यांनी पुढे जे काही सांगितले असते, ते भ्रमात जमा झाले असते.

मगदूमांना मसुदा फक्त बघण्यासाठी दिला होता. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि मूळ अर्ज मागितला. हेडक्लार्क म्हणाला, “कशाला त्रास घेता? पेपर आपल्या बाजूनं आहे.”

ते म्हणाले, “म्हणूनच वाचतो.”

अर्ज आणि केसपेपर शेजारी शेजारी ठेवून ते बसले. पेपरवरचा माणूस रात्रभर फिरत होता. अर्जातला माणूस पहाटेआधी जागा होऊन छताकडे बघत पडत होता. पेपरवरचा बडबडत होता. अर्जातल्याला जेवणाची चव नव्हती आणि बोलायचा कंटाळा होता. परिच्छेद दोनमध्ये, बाकीच्या मजकुराशी संबंध नसल्यासारखे, एक वाक्य होते की पत्नी श्रावणात वारली. अर्जात खोलीचे वर्णनही होते. घड्याळ कुठे, तडकलेली काच कुठे, डॉक्टरांचे पेन कोणत्या रंगाचे. सगळे बरोबर होते. मगदूम हेडक्लार्कला म्हणाले, “याची खोली खरी, काच खरी, पेन खरं. मग शेजारचा माणूस तेवढा खोटा कसा?”

नंतरच्या गुरुवारी साताऱ्याला गेल्यावर त्यांनी म्हादूला विचारले. पुढचे म्हादूने मला सांगितलेले आहे.

“त्या दिवशी त्यांच्याबरोबर कोण होतं?”

“कोन न्हवतं. म्हागल्या नंबरचं मानूस हुतं शेजारी. तुमचा डबा व्हायचा हुता, म्हून दोगंबी आत घातली.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुमी वर बगितलंच न्हाई.”

तो ‘म्हागल्या नंबरचा’ माणूस योगायोगाने त्याच दिवशी तपासणीला आला होता. मलकापूरकडचा शेळ्यांचा व्यापारी, बोलका. आजार आटोक्यात आलेला, जीभ नाही. डॉक्टरांनी त्याची तपासणी पूर्ण केली. मग, कुणाचेही नाव न घेता, गेल्या खेपेस तुमच्या शेजारी जे बसले होते ते तुमचे कोण, असे विचारले.

“त्यो व्हय? कोन न्हवं. बाकावर गाट पडली. लय गप मानूस. तुमी इचारताय आन्‌ त्यो भितीकडं बगतोय. म्हनलं, सायबांचा येळ जातुया. मग मीच सांगितलं.”

“त्यांना काय होतंय हे तुम्हाला कसं माहीत?”

“आवं, मला जे हुतं तेच आसनार की. आनि दुसरं काय आसतंय?”

म्हादूच्या म्हणण्याप्रमाणे डॉक्टरांनी त्या गृहस्थाला, तुम्ही मदतच केलीत, असे सांगितले. गृहस्थ खूश होऊन गेला. डॉक्टरांनी म्हादूकडून शेजारची खुर्ची बाहेर काढून घेतली. जोडीने आत सोडणे त्या दिवसापासून बंद झाले.

सांगलीला परतल्यावर त्यांनी केसपेपरवरच्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारली, खालचे वाचता येईल अशी. शेजारी तारीख, सही आणि ‘ही माहिती या रुग्णाची नाही’ हे शब्द. अधीक्षकांनी सुचवले की नवा कोरा पेपर करावा, जुना फाडावा, म्हणजे पुढेमागे कटकट नको. मगदूमांचे म्हणणे पडले की चूक दिसली पाहिजे. पुढच्या डॉक्टरला त्या गोळ्या का दिल्या हे कळायला दुसरा मार्ग नाही. मग ते म्हणाले की उत्तर मी लिहीन आणि सहीही माझी असेल. अधीक्षकांनी आनंदाने होकार दिला. सही दुसऱ्याची असल्यावर त्यांची हरकत नव्हती.

याच सुमारास डॉक्टर संध्याकाळी आमच्या कचेरीत येऊ लागले. त्यांचे शिक्षण इंग्रजीत झालेले, मराठी पत्राचा सराव नव्हता. ते खिशातून कागदाचा कपटा काढत. त्यावर एकच वाक्य असे. पुढचेमागचे काही दाखवत नसत, कुणाला लिहायचे ते सांगत नसत. ‘हे मराठी बरोबर आहे का?’ एवढेच. पत्र कुणाला आहे हे मला कळले होते, आणि मला कळले आहे हे त्यांना. दोघांनीही तो विषय काढला नाही.

एका कपट्यावर होते: ‘आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येते.’ कुणी केली गैरसोय, असे मी विचारले. ते कपटा परत घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यावर ‘चूक माझी झाली’ असे आले. एकदा त्यांनी विचारले, ‘आपल्याला तसे वाटले असल्यास’ या शब्दांनी माफी कमी होते का? मी म्हटले, उरतच नाही. ते शब्द गेले.

गर्दीचे वाक्य दोनतीनदा आले आणि गेले. शेवटी एका कपट्यावर सूर्यास्ताचा मजकूर आला. हे घालायलाच हवे का, असे मी विचारले. ते म्हणाले, “गर्दी होती हे खरं आहे. पण घाई गर्दीमुळे नव्हती. गर्दीत मी उन्हाळ्यात घाई करत नाही.” अधीक्षकांनीही यावर हरकत घेतली, धर्माचे कशाला लिहिता म्हणून. मगदूम म्हणाले की धर्माने मला जेवायची वेळ सांगितली आहे, पेशंटला उठवायची नाही. त्या हिवाळ्यापासून साताऱ्याच्या गुरुवारी ते दुपारीच जेवून घेत आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही खात नसत. याची वाच्यता त्यांनी केली नाही. डबा लवकर उघडू लागला म्हणून म्हादूला कळले.

संपूर्ण पत्र मी पाहिले ते काटकरांच्या हातात. ते आमच्या कचेरीत आले, टेबलासमोर ताठ उभे राहिले आणि पत्र पुढे केले. पाकीट साधे होते. रुग्णालयाच्या छापील पाकिटावर विभागाचे नाव असे आणि ते गावात पोस्टमनपासून सर्वांनी वाचले असते. त्यांच्या परवानगीने मी पत्राची नक्कल करून घेतली. ती अशी:

‘रा. रा. काटकर यांस,

आपला अर्ज मी दोनदा वाचला. तो अधीक्षकांना असला तरी तपासणी मी केली होती, म्हणून उत्तर मी देत आहे.

आपण लिहिलेले खरे आहे. आपल्याबरोबर कोणी आलेले नव्हते. शेजारी बसलेल्या व्यक्तीला मी आपले नातेवाईक समजलो आणि त्यांचे बोलणे आपल्या पेपरवर लिहिले. ती व्यक्ती कोण, हे मी आपणांस सांगू शकत नाही, तसेच आपल्याविषयी तिला काही सांगणार नाही. त्यांचा दोष नाही. आपणांस विचारणे माझे काम होते. चूक माझी झाली. मी आपली क्षमा मागतो.

घाईचे कारण आपणांस कळावे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा माझा नियम आहे आणि तो सांभाळण्यासाठी मी अखेरच्या रुग्णांना कमी वेळ दिला. तशी व्यवस्था आता राहिलेली नाही.

दिलेल्या गोळ्या चुकीच्या माहितीवर दिल्या होत्या. आपण त्या बंद केल्यात, त्या पुन्हा सुरू करू नयेत. उठताना अंधारी आली ती गोळ्यांमुळे. तो आपल्या आजाराचा किंवा अशक्तपणाचा भाग समजू नये. उरलेल्या गोळ्या घरात कुणालाही देऊ नयेत.

पेपरवरील चुकीची नोंद मी रद्द केली आहे. ती फाडलेली नाही, आपणांस पाहता येईल. कारखान्यास मी आधी दिलेले मत मागे घेणे आवश्यक आहे, परंतु आपली लेखी संमती आल्याशिवाय मी त्यांना काहीही लिहिणार नाही. संमती आल्यास एवढेच लिहीन की पूर्वीचे मत अपुऱ्या माहितीवर दिलेले होते, ते रद्द समजावे, आणि फेरतपासणी होईपर्यंत निर्णय घेऊ नये. आपल्या प्रकृतीविषयी त्यात एक शब्दही नसेल.

आपण कामास योग्य आहात, असे मी आज लिहू शकत नाही. योग्य नाही, असेही लिहू शकत नाही. मी आपणांस अजून तपासलेले नाही. येत्या गुरुवारी दुपारी पहिली वेळ आपली ठेवली आहे. माझ्याकडे येण्याची इच्छा नसल्यास पुणे किंवा मिरज येथील डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी देतो, त्याबद्दल मला वाईट वाटणार नाही. तक्रार मागे घेण्याची गरज नाही. या उत्तराने समाधान न झाल्यास ट्रस्टच्या अध्यक्षांकडे जावे. पत्ता खाली दिला आहे.

अर्जात आपण लिहिलेली झोपेची, जेवणाची व परिच्छेद दोनमधील हकिकत मी वाचली आहे. ती मी त्या दिवशी विचारायला हवी होती.

या पत्राची प्रत कोणालाही दिलेली नाही.

आपला,
भूपाल मगदूम’

आजाराचे नाव पत्रात कुठेही नव्हते. हेडक्लार्कच्या मते हे पत्र म्हणजे कबुलीजबाब होता आणि कोर्टात पहिल्या दिवशी रुग्णालयाच्या अंगाशी आले असते. ते कोर्टात गेले नाही.

मी काटकरांना विचारले, छापायचे का.

“न्हाई. आमी रिपोर्ट केला, जबाब आला. मामला क्लोज. आनि पेपरात आलं तर गावाला कळंल मी कुटल्या डाक्टरकडं जातो.” त्यांनी आमच्याकडची अर्जाची प्रत परत मागितली. मी दिली.

संमती त्यांनी परतीच्या टपालाने पाठवली होती. कारखान्याने निर्णय पुढे ढकलला. गुरुवारी ते साताऱ्याला गेले. त्या भेटीविषयी डॉक्टर माझ्याशी कधीच बोलले नाहीत. काटकर बोलले, बऱ्याच काळाने, कारखान्याच्या विश्रामगृहाच्या ओट्यावर.

खोलीत डॉक्टरांसमोर एकच खुर्ची होती. डॉक्टरांनी आधी पेनाला टोपण लावले. म्हणाले, तुम्ही सांगा. काटकरांना काही सुचेना. डॉक्टर त्यांच्याकडे बघत बसले. बराच वेळ असा गेल्यावर काटकर बायकोविषयी बोलू लागले. नोकरीभर तिला गावी ठेवली, निवृत्त होऊन घरी आल्यावर तिला थोडेच दिवस मिळाले. हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते, कारण कुणी विचारले नव्हते. शेवटी डॉक्टरांनी सरळ विचारले, “बंदूक हातात असताना ती स्वतःवर चालवावी असं कधी मनात आलं?”

“मी म्हनलं, आलं हुतं साहेब. येकदा. त्याच दिवशी, गाडी निगायच्या टायमाला. म्हून हाललो न्हाई.”

डॉक्टरांनी त्या दिवशी दुसऱ्या गोळ्या दिल्या, थोड्या थोड्या वाढवायच्या. गुण यायला दोनतीन आठवडे लागतील, तोवर सोडू नका म्हणून बजावले. गोळ्या एकदम जास्त दिल्या नाहीत, एकाआड एक गुरुवारी येऊन न्यायच्या. आणि कारखान्याला काय लिहिणार ते आधी काटकरांना वाचून दाखवले. कामावर येण्यास योग्य. शस्त्राचे काम तूर्त नको. तीन महिन्यांनी फेरतपासणी.

काटकरांना राग आला. एवढी तक्रार केली ती पूर्ववत होण्यासाठी, आणि हा माणूस बंदूक काढून घेतोय. ते डॉक्टरांना म्हणाले, “मी दुसरी तक्रार लिवनार.”

“लिहा,” डॉक्टर म्हणाले. “गोळ्या घेऊन लिहा.”

काटकरांनी दुसरी तक्रार लिहिली नाही. का नाही, असे मी विचारले तर म्हणाले, पहिल्या परिच्छेदात काय घालावे ते सुचले नाही.

कारखान्याने त्यांना मुख्य फाटकावर बसवले. आत येणाऱ्या प्रत्येकाची नोंद करायची, एवढे काम. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी बंदुकीलाही हरकत नसल्याचे लिहून दिले. तोवर काटकरांना फाटकाची सवय झाली होती. त्यांनी बंदूक नको म्हणून सांगितले.

मगदूमांना मी शेवटचे पाहिले ते त्याच फाटकावर, दशक संपता संपता. कारखान्याने ऊसतोडणी कामगारांसाठी आरोग्य शिबिर ठेवले होते. ट्रस्टचे डॉक्टर जाणार होते आणि बातमीसाठी मी त्यांच्या जीपमध्ये होतो. त्यानंतर माझी बदली पुण्याला झाली. पाठोपाठ डॉक्टर वारले, असे पत्राने कळले.

फाटकाशी जीप थांबली. काटकर खाकीत, मिशा पांढऱ्या झालेल्या. ते जीपपाशी आले. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिले, पण ओळख दाखवली नाही. काटकरांनीही नाही. मागे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली, गाडीवान ओरडत होते. ड्रायव्हर म्हणाला, “आवं हवालदार, मोठं डाक्टर हायत. सोडा की.”

काटकरांनी वही उघडली. नाव विचारले. डॉक्टरांनी सांगितले. गाव विचारले, काम विचारले, परत कधी जाणार ते विचारले. डॉक्टरांनी प्रत्येक उत्तर दिले. काटकर प्रत्येक प्रश्नाला वर बघत, उत्तर पूर्ण होऊ देत आणि मगच लिहीत. रांगेतला आरडाओरडा वाढला. त्यांच्या हाताचा वेग बदलला नाही.

मग त्यांनी पेनानेच माझ्याकडे खूण केली. “आनि सोबत ह्ये कोन?”

मगदूम डॉक्टर म्हणाले, “त्यांचं त्यांनाच विचारा.”

काटकर जीपला वळसा घालून माझ्या बाजूला आले.